फोटो उडाल्यावर पिवळ्या सोयाबीनचे वर्णन शब्दांत कसे करावे

सोयाबीन पिवळे पडले म्हणून फोटो काढून ठेवला, पण तो मोबाईलमधून पुसला गेला किंवा ज्यांना पाठवला त्यांच्याकडे उघडत नाही, असे घडले तर बहुतेक जण पुन्हा शेतात जाऊन दुसरा फोटो काढतात. तोवर मात्र चार-पाच दिवस गेलेले असतात आणि पीक पुढे सरकलेले असते. कृषी सहायकाला, कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाला किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर सांगायचे झाले, तर नीट मांडलेले वर्णन पुष्कळदा एकट्या फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडते. एका पानाच्या फोटोत पिवळेपणा शेतात कुठे आहे हे दिसत नाही, आणि दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत तर हिरवे पानही फिकट दिसते.

सुरुवात तारखांनी करावी. उडालेला फोटो कोणत्या दिवशी काढला होता आणि त्या दिवशी काय दिसले होते, हे आठवून आधी लिहून घ्यावे. आज काय दिसते ते त्याखाली वेगळे लिहावे. या दोन गोष्टी एकत्र मिसळल्या की ऐकणाऱ्याला पिवळेपणा वाढतो आहे की ओसरतो आहे हे कळत नाही, आणि निदानासाठी तेच कळणे सर्वांत आवश्यक असते.

त्यानंतर पिकाची अवस्था सांगावी. पेरणीची तारीख द्यावीच, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण भारी आणि मुरमाड जमिनीत एकाच दिवशी पेरलेले पीक सारखे वाढत नाही. सोयाबीनला दलपत्रांनंतर समोरासमोर दोन साधी पाने येतात आणि पुढची सगळी पाने त्रिदली, म्हणजे एका देठावर तीन पाती असलेली येतात. पूर्ण उघडलेली त्रिदली पाने मोजून सांगावीत. शेंड्यातील मिटलेले पान मोजू नये. फुले लागली असतील किंवा शेंगा धरल्या असतील तर तसे स्पष्ट सांगावे.

आता मुख्य काम, म्हणजे शेतातील ठेवण. बांधावर उभे राहून आधी संपूर्ण शेत पाहावे आणि पिवळा भाग कुठे आहे ते दिशांसह लिहावे: उताराच्या खालच्या अंगाला, मध्येच गोल चट्ट्यांत, तासांच्या रेषेत, एका बांधालगत की विखुरलेल्या एकेकट्या झाडांवर. पिवळेपणा पाणी साचणाऱ्या खोलगट भागात असेल तर संशय जमिनीकडे आणि मुळांकडे जातो. तो सरळ पट्ट्यांत असून पट्ट्याची रुंदी फवारणीच्या किंवा पेरणीयंत्राच्या फेऱ्याशी जुळत असेल, तर तणनाशक किंवा खत पडण्यातील फरक तपासावा लागतो. रोगाला आपल्या पंपाच्या फेऱ्याशी काही देणेघेणे नसते. शेजाऱ्याच्या बांधाकडून आत येताना लक्षण कमी होत गेले असेल, तर त्याने काय फवारले आणि त्या दिवशी वारा कुठून होता हेही लिहावे. ठेवण लिहिल्यावर पाच ठिकाणी प्रत्येकी वीस झाडे पाहून त्यांतील किती पिवळी आहेत ते मोजावे. ‘बरीच झाडे’ या शब्दांतून काहीच कळत नाही. ‘शंभरातील तीस झाडे’ म्हटले की चित्र उभे राहते.

मग एका झाडापाशी बसावे. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आहे की खालच्या जुन्या पानांवर, हा पहिला प्रश्न आहे. कोवळे पान पिवळे आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाच्या कमतरतेची शक्यता वाढते. खालची जुनी पाने सर्वभर फिकट होत असतील तर नत्राकडे पाहावे, आणि जुन्या पानांच्या फक्त कडा पिवळ्या होऊन करपत असतील तर पालाशाकडे. पानावर गडद पिवळे आणि हिरवे ठिपके वेडेवाकडे मिसळलेले असतील तर पिवळ्या मोझॅक या विषाणूजन्य रोगाची शंका घ्यावी, आणि पान उलटून तो पसरवणारी पांढरी माशी आहे का तेही पाहून सांगावे.

पाने पाहून झाल्यावर एक झाड खुरप्याने मातीसह उपटावे. मुळांवरील गाठी नखाने फोडून त्या आतून गुलाबी आहेत की पांढरट, हे लिहावे. गुलाबी गाठ म्हणजे नत्र स्थिर करण्याचे काम चालू आहे. खोड ब्लेडने उभे चिरावे. आत लालसर पोकळी आणि अळी सापडली तर खोडमाशी समजावी. फांदीवर किंवा देठावर एकमेकांपासून थोड्या अंतरावर दोन चक्रे असून त्यांच्या वरचा भाग लोंबला असेल, तर तो चक्रीभुंगा असतो. या दोन्हींमुळेही झाडे मलूल आणि पिवळी दिसतात, आणि खोडमाशी तर खोड न चिरता ओळखणे कठीण जाते.

हवामान सांगताना ‘पाऊस जास्त झाला’ हे वाक्य पूर्ण टाळावे. गेल्या पंधरा दिवसांत झड केव्हा लागली, किती दिवस उघडीप होती, शेतात पाणी किती दिवस साचले आणि वाफसा आला की नाही, हे क्रमाने सांगावे. जवळच्या पर्जन्यमापकाचा आकडा मिळाला तर जोडावा. जमीन चुनखडीची आहे का, हेही याच ठिकाणी लिहावे.

या रीतीने लिहिलेला एक नमुना असा:

“सोयाबीन, वाण फुले संगम, पेरणी 22 जून, आज 16 जुलै. तीन त्रिदली पाने उघडली आहेत. 12 जुलैला खालच्या अंगाच्या साधारण दहा गुंठ्यांत शेंड्याची पाने पिवळी झाली, शिरा हिरव्या होत्या. जुनी पाने चांगली होती. आज तो भाग पंधरा गुंठे झाला आहे आणि तेथे शंभरातील साठ झाडे पिवळी आहेत; वरच्या अंगाला एकही नाही. 6 ते 10 जुलै झड होती, पाणी तीन दिवस साचले, अजून वाफसा नाही. जमीन भारी, चुनखडीचे खडे आहेत. तणनाशक अजून मारलेले नाही. खोड चिरले, आत काही नाही. पांढरी माशी दिसली नाही.”

यात तणनाशक आणि खोडमाशी वगळली जातात. फक्त खोलगट भागातील सलग झाडे पिवळी असल्यामुळे, आणि पांढरी माशीही नसल्यामुळे, मोझॅकची शक्यता फार कमी राहते. जुनी पाने हिरवी असल्याने नत्राची कमतरताही मागे पडते. उरते ते लोहाचे पिवळेपण. चुनखडीच्या ओल्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी आधी चर काढून पाणी बाहेर काढावे. वाफसा आल्यावर अनेकदा पीक आपोआप सावरते. सावरले नाही तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि 25 ग्रॅम चुना, म्हणजे चुन्याची निवळी घेऊन, फवारणी करावी. नमुन्यातील ‘दिसली नाही’ आणि ‘मारलेले नाही’ ही नकारार्थी वाक्ये अनेक जण गाळतात, पण वगळण्याचे काम तीच करतात.

शब्दांची मर्यादाही आहे. पिवळा मोझॅक सुरुवातीच्या अवस्थेत वर्णनावरून निश्चित करता येत नाही, आणि मूळकुज असेल तर तज्ज्ञाला झाडच पाहावे लागते. त्यासाठी पूर्ण मेलेले झाड न घेता आजारी झाड मुळांसकट आणि शेजारचे एक निरोगी झाड घ्यावे, कोरड्या वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळावे आणि त्याच दिवशी पोहोचवावे. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत नमुना वाटेतच कुजतो.

सल्ला मिळाल्यानंतर पाच-सहा दिवसांनी पुन्हा कळवताना जुन्या पिवळ्या पानांकडे पाहू नये, कारण काही पाने पुन्हा हिरवी होत नाहीत. उपायानंतर नव्याने उघडलेले पान कोणत्या रंगाचे आहे, तेवढे सांगावे.