दुकान सोशल मीडियावर आणताय? आमच्या या चुका टाळा

बाबांचं पादत्राणांचं दुकान आहे. "चप्पल पायात घालून बघायची गोष्ट आहे, फोटोत बघून कोण घेणार?" असं म्हणून त्यांनी वर्षभर माझं बोलणं उडवून लावलं. शेवटी तीन महिन्यांच्या बोलीवर ते तयार झाले. मी इन्स्टाग्रामवर खातं उघडलं, दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं आणि पहिल्या महिन्यातच आपटले. चुका सगळ्या माझ्या होत्या, आणि त्यातली सर्वांत मोठी फोटोंची नव्हतीच.

बाबांच्या वहीतून जुन्या गिऱ्हाइकांचे १४२ नंबर काढून मी ब्रॉडकास्ट लिस्ट केली आणि नवा माल आल्याचा निरोप पाठवला. आठवडाभरात दोघांचं उत्तर आलं. "लोकांना नकोय गं हे," बाबा म्हणाले. मलाही तसंच वाटू लागलं होतं. मग एकदा तो निरोप दाबून धरून मी त्याची माहिती उघडली, तर पोचलेल्यांच्या यादीत अवघी ३१ नावं होती. बाकीच्यांना नको होता असं नाही, त्यांच्यापर्यंत तो गेलाच नव्हता. ब्रॉडकास्टचा निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच मिळतो. आपल्याकडे त्यांचा नंबर असून काही उपयोग नाही. शिवाय न विचारता निरोप आला की लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात, आणि तक्रारी वाढल्या तर नंबरच बंद होऊ शकतो.

ती लिस्ट मी पुसून टाकली. आता बिल करताना बाबा विचारतात, "नवीन माल आला की कळवू का?" हो म्हणाले तर गिऱ्हाइकानं तिथेच दुकानाचा नंबर सेव्ह करायचा आणि आम्हाला एक 'हॅलो' पाठवायचा. यादी हळूहळू वाढते, पण निरोप पोचतो. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात. छोट्या दुकानाला तेवढे पुष्कळ झाले.

दुसरी चूक मला जास्त लागली. इन्स्टाग्रामवर आपण ज्यांना फॉलो करत नाही, त्यांचे मेसेज बहुधा मुख्य यादीत येत नाहीत, ते Requests या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतात. दुकानाचं गिऱ्हाईक म्हणजे जवळजवळ सगळी अनोळखी माणसं. मला तो कप्पा सापडला तेव्हा त्यात ११ मेसेज होते, सर्वांत जुना १९ दिवसांपूर्वीचा. एका आईनं मुलाच्या शाळेच्या बुटांबद्दल विचारलं होतं, खाली पुन्हा "आहे का?" आणि मग काहीच नाही. दुकानात आलेल्या माणसाला बाबा कधी असं ताटकळत ठेवत नाहीत. तुमच्याकडेही "बघतात सगळे, विचारत कोणी नाही" अशी परिस्थिती असेल, तर आधी तो कप्पा उघडून बघा. त्याच्याच आत Hidden Requests असतं, तिथेही एकदा डोकवा.

फोटोंचं थोडक्यात सांगते. आम्ही अख्ख्या रॅकचा फोटो टाकायचो, त्यात चाळीसेक जोड. "तिसऱ्या ओळीतला निळा" कुठला, हे कुणालाच कळायचं नाही. आता एका फोटोत एकच जोड असतो, दाराशी दिवसाच्या उजेडात काढलेला. दुसऱ्या फोटोत तळ दिसतो. खाली उपलब्ध नंबर लिहायचे आणि जोड विकला गेला की त्याच दिवशी तो नंबर खोडायचा. हे खोडणं राहिलं, तर गिऱ्हाईक हेलपाटा घालून रिकाम्या हातानं परत जातं.

पण नंबर लिहूनही एक अडचण उरलीच. एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीत सैल होतो. इथे बाबाच उपयोगी पडले. त्यांनी सांगितलेली रीत मी व्हिडिओत घेतली: कागद जमिनीवर भिंतीला टेकवायचा, टाच भिंतीला लावून त्यावर उभं राहायचं, सर्वांत लांब बोटापाशी खूण करायची आणि कडेपासून खुणेपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजायचं. दोन्ही पाय मोजायचे, मोठा धरायचा. आणि माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो. कॅमेऱ्याकडे न बघता, नेहमी गिऱ्हाइकाशी बोलतात तसेच बाबा बोलत गेले. त्यानंतर मेसेजमध्ये "आठ नंबर आहे का" ऐवजी "२५.५ सेंटिमीटर आहे, कुठला बसेल?" असं लोक विचारू लागले. याचं उत्तर बाबांना डोळे मिटून देता येतं, आणि बदलून न्यायला येणारे जोडही कमी झाले.

मुदत संपून आता दोन महिने झालेत. शटर उघडलं की बाबा चष्मा लावून आधी Requests बघतात, आणि दुपारी जेवायला जायच्या आधी पुन्हा एकदा.