शाफ्टसाठी स्टील निवडताना जॉमिनी टेस्ट कशी करावी आणि कशी वाचावी

कोळशाच्या कन्व्हेयरचे ६० मिमी व्यासाचे शाफ्ट आम्ही हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये बरीच वर्षं केले. मटेरियल ईएन १९ हे मिश्रधातूचं पोलाद, तापवून तेलात क्वेंच म्हणजे झटकन विझवणं, मग ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं म्हणजे टेम्परिंग, आणि ड्रॉइंगवर लिहिलेला कडकपणा २८ ते ३२ एचआरसी, म्हणजे रॉकवेल सी. एकदा एकाच ऑर्डरचे शाफ्ट दोन वेगवेगळ्या हीटच्या बारमधून निघाले. हीट म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला पोलादाचा घाणा. सगळ्या शाफ्टवर रॉकवेलचं रीडिंग ३० च्या आसपास आलं आणि माल गेला. काही महिन्यांत एका हीटचे दोन शाफ्ट की-वेपाशी, म्हणजे चावी बसवायच्या खाचेपाशी, तुटून परत आले. दुसऱ्या हीटचे मात्र चालत राहिले.

एक खूण तेव्हाच आमच्या रजिस्टरमध्ये होती. त्या लॉटमध्ये ३० एचआरसी मिळवायला ऑपरेटरला टेम्परिंगचं तापमान नेहमीपेक्षा खाली ठेवावं लागलं होतं. म्हणजे क्वेंचनंतरच तो लॉट हवा तेवढा कडक झालेला नव्हता. ही नोंद मी तेव्हा वाचली, पण तिचा अर्थ लावला नाही.

कडकपणा वेगळा, हार्डनेबिलिटी वेगळी

पोलाद जास्तीत जास्त किती कडक होईल हे मुख्यतः कार्बनवर ठरतं. ०.४० टक्के कार्बनचं साधं ईएन ८ घ्या किंवा मिश्रधातूचं ईएन १९, पातळ तुकडा पाण्यात झटकन विझवला तर दोन्ही ५५ एचआरसीच्या आसपास जातात. फरक पडतो तो जाड तुकड्यात. आतलं पोलाद सावकाश थंड होतं आणि सावकाश थंड होताना कडक मार्टेन्साइटऐवजी मऊ पर्लाइट किंवा बेनाइट तयार होतं. क्रोमियम, मॉलिब्डेनम, मँगनीज, निकेल हे बदल लांबवतात, त्यामुळे कमी वेगाने थंड होऊनही आतपर्यंत मार्टेन्साइट मिळतं. तो कडकपणा किती खोल पोचतो, ती हार्डनेबिलिटी.

शाफ्ट वाकताना आणि पिळवटताना ताण पृष्ठभागावर सर्वाधिक असतो आणि मध्यावर शून्यावर येतो. म्हणून गाभ्यापर्यंत पूर्ण मार्टेन्साइट हवंच असा हट्ट धरायचं कारण नाही. पण ६० मिमी शाफ्टला १८ मिमी रुंद चावी बसते आणि तिचा की-वे ७ मिमी खोल जातो. टेम्परिंगनंतर कापलेल्या त्या खाचेचा तळ ३० मिमी त्रिज्येच्या जवळपास पाऊण अंतरावर येतो. खाचेच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, आणि तिथलं पोलाद आपण कधी मोजलेलंच नसतं. आपण मोजतो ती वरची कातडी.

नमुना तयार करणे

हार्डनेबिलिटी मोजतात ती जॉमिनी टेस्टने: तापवलेल्या नमुन्याच्या एका टोकावर पाणी मारायचं आणि त्या टोकापासून कडकपणा कसा उतरत जातो ते मोजायचं. ही टेस्ट वॉल्टर जॉमिनी आणि बोगेहोल्ड यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मांडली. आपल्याकडे तिचं मानक आयएस ३८४८ आहे. नमुना २५ मिमी व्यासाचा आणि १०० मिमी लांब असतो, वरच्या टोकाला लटकवण्यासाठी छोटी कॉलर. जाड बार असेल तर तुकडा फोर्ज करून ३२ मिमीच्या आसपास आणा, तापवून हवेत थंड करून नॉर्मलाइज करा आणि मगच लेथवर टर्न करा. नॉर्मलायझिंग वगळलं तर दोन हीटमधली तुलना खोटी ठरते, कारण मूळ रचनाच वेगळी असते. टर्निंग करताना बाहेरचा डीकार्ब झालेला, म्हणजे कार्बन उडालेला थर पूर्ण निघाला पाहिजे. पाणी ज्या टोकावर पडणार ते टोक गुळगुळीत ठेवा.

ईएन १९ साठी भट्टी ८५० अंशांवर ठेवा आणि नमुना त्या तापमानाला पोचल्यावर ३० मिनिटं तिथेच राहू द्या. खालच्या टोकाला खपली धरू नये म्हणून नमुना ग्राफाइटच्या तुकड्यावर उभा करतात. खपली असली की पाणी आणि पोलाद यांच्यात पडदा येतो आणि पहिलं रीडिंगच पडतं.

पाण्याचा झोत

स्टँडमधलं तोंड १२.५ मिमी व्यासाचं असतं. नमुना न ठेवता पाणी सोडलं की झोत ६५ मिमी उंच उडाला पाहिजे. एकदा व्हॉल्व्ह लावला की त्याला हात लावू नका, मधे फक्त पत्र्याची झडप धरा. नमुन्याचं खालचं टोक तोंडापासून १२.५ मिमीवर येईल अशी बैठक हवी. भट्टीचं दार उघडल्यापासून पाच सेकंदांत नमुना बैठकीत आणि झडप बाजूला, अशी घाई लागते. दोघांनी थंड नमुन्यावर आधी सराव करावा. पाणी किमान दहा मिनिटं चालू राहू द्या. ते फक्त खालच्या टोकावर पडलं पाहिजे. बाजूवर ओघळ आला तर तो नमुना बाद समजा.

नागपुरात इथे दोन अडचणी येतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला गरम लागतं, आणि टेस्टसाठी पाणी २० अंशांच्या आसपास हवं. आम्ही उन्हाळ्यात जमिनीखालच्या हौदातलं पाणी वापरायचो, त्यात बर्फ टाकून थर्मामीटरने तापमान बघायचो, आणि टेस्ट सकाळीच उरकायचो. दुसरी अडचण कूलरची. नमुन्याच्या बाजू स्थिर हवेतच थंड व्हायला हव्यात. कूलरचा वारा लागला तर वरचा भाग लवकर थंड होतो आणि टोकापासूनच्या अंतरानुसार कडकपणा दाखवणारा वक्र आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून ती दहा मिनिटं कूलर बंद.

रीडिंग घेणे

थंड झाल्यावर नमुन्याच्या लांबीवर, एकमेकांसमोर, दोन सपाट पट्ट्या सुमारे ०.४ मिमी खोल ग्राइंड करा. कूलंट भरपूर आणि कट हलका ठेवा. चाक तापलं तर तो भाग टेम्पर होऊन मऊ पडतो. शंका आली की ५ टक्के नायट्रिक अ‍ॅसिड लावा, जळलेली जागा गडद डागासारखी उठून दिसते. मग पाण्याच्या टोकापासून १.५, ३, ५, ७, ९, ११, १३, १५ आणि पुढे दर ५ मिमीवर रॉकवेल सी घ्या, आणि दोन्ही पट्ट्यांची सरासरी काढा.

दोन पट्ट्यांत तीनहून जास्त अंकांचा फरक असेल तर झोत मध्यावर पडत नव्हता किंवा बारमध्ये मिश्रणाचे पट्टे आहेत. १.५ मिमीचं रीडिंगच कार्बनच्या मानाने कमी आलं तर तापमान, खपली किंवा भट्टीतून काढताना झालेला उशीर तपासा. वक्रात मधेच खड्डा पडून रेघ पुन्हा वर गेली तर तो बहुतेक ग्राइंडिंगचा भाजका डाग असतो, पोलादाचा गुण नव्हे.

तुटलेल्या शाफ्टच्या हीटचा आणि चालत राहिलेल्या हीटचा असे दोन नमुने आम्ही केले. चांगल्या हीटचे आकडे आले असे: १.५ मिमीवर ५६, ९ वर ५१, १३ वर ४७, १५ वर ४५, २० वर ४१. वाईट हीटचे: १.५ मिमीवर तेच ५६, पण ९ वर ४६, १३ वर ४०, १५ वर ३७, २० वर ३३. कार्बन सारखाच असल्याने सुरुवात सारखी, आणि पुढे दरी. दोन्हींचं टेस्ट सर्टिफिकेट ईएन १९ च्या मर्यादेत बसत होतं. वाईट हीटचे क्रोमियम, मँगनीज आणि मॉलिब्डेनम, तिन्ही आपापल्या मर्यादेच्या तळाशी होते, एवढंच. एकेक घटक मर्यादेत असूनही सगळे एकदम खालच्या बाजूला आले की हार्डनेबिलिटी बरीच खाली येते.

जॉमिनीचं अंतर शाफ्टवर कसं उतरवायचं

नमुन्यावरचं प्रत्येक अंतर म्हणजे खरं तर थंड होण्याचा एक वेग. टोकापासून १.५ मिमीवर तो ७०० अंशांच्या आसपास सेकंदाला सुमारे २७० अंश असतो, १३ मिमीवर १८ च्या आसपास, आणि ५० मिमीवर जेमतेम दोन. या प्रकारच्या स्टील्सची उष्णतावहनाची क्षमता जवळपास सारखी असल्याने हे वेग ग्रेड बदलला तरी फारसे बदलत नाहीत. आता शाफ्टमध्ये अमुक खोलीवर पोलाद कोणत्या वेगाने थंड होतं ते कळलं, की वक्रावरून तिथला कडकपणा वाचता येतो.

पुस्तकांत त्याचे तक्ते असतात. पण ते ठराविक तेल आणि ठराविक ढवळणं धरून केलेले असतात, आणि तुमच्या टाकीचं तेल किती जुनं आहे ते तक्त्याला माहीत नसतं. म्हणून मी एकदा स्वतःच्या टाकीचं माप काढायला सांगतो. ज्या हीटची जॉमिनी झाली आहे तिच्याच ६० मिमी बारचा किमान २०० मिमी लांबीचा तुकडा घ्या, नेहमीसारखा तेलात क्वेंच करा, टेम्पर करू नका. मग कूलंट सोडून मधोमध कापा आणि चकतीवर बाहेरून आत रीडिंग घ्या. आखूड तुकडा चालत नाही, कारण टोकांकडूनही तो थंड होतो.

आमच्या चांगल्या हीटच्या चकतीवर कातडीखाली ५०, ७.५ मिमी खोलीवर ४६ आणि मध्यावर ४३ आलं. वक्रात ५० कुठे आहे ते बघितलं तर १० मिमीच्या आसपास, ४६ आहे १४ वर आणि ४३ आहे १७-१८ वर. म्हणजे आमच्या टाकीत ६० च्या शाफ्टचा की-वेचा तळ म्हणजे जॉमिनीचं १४ मिमी. हे माप पुढच्या प्रत्येक हीटला चालतं, जोवर तेल आणि ढवळणं बदलत नाही. तेल बदललं की चकती पुन्हा कापायची.

मग वाईट हीटच्या वक्रावर १४ मिमी बघितलं, तिथे ३८ ते ३९. ०.४० कार्बनच्या पोलादात ऐंशी टक्के मार्टेन्साइटला सुमारे ४५ च्या पुढचं रीडिंग लागतं. ३८ म्हणजे अर्ध्याहून कमी मार्टेन्साइट, बाकी मऊ मिश्रण. टेम्परिंग खाली आणून वर ३० जमवलं, पण आतलं मिश्रण थकव्याला आणि धक्क्याला तसंच कमकुवत राहिलं. तुटलेल्या तोंडावर थकव्याच्या वळ्या की-वेच्या तळाच्या कोपऱ्यातूनच सुरू झालेल्या दिसत होत्या. त्या कोपऱ्याला त्रिज्याही पुरेशी नव्हती, तेही कारण होतं, आणि ती चूक मशीनिंगची होती.

मग कोणतं स्टील

याच १४ मिमीवर ईएन ८ ठेवून पाहिलं तर २५ एचआरसीच्या आसपास येतं, म्हणजे ६० मिमीच्या तेलात विझवलेल्या शाफ्टला ते बाद. पाण्यात विझवून भरपाई करू नका, की-वे किंवा पायरीच्या कोपऱ्यात तडे जातात. निकेल असलेल्या ईएन २४ ला १४ मिमीवर सहज ५० च्या पुढे मिळतं, पण ६० च्या शाफ्टला ते घेणं म्हणजे निकेलचे पैसे फुकट घालणं. त्याची गरज व्यास १०० मिमीच्या पुढे गेला की पडते, कारण पाऊण त्रिज्येचं जॉमिनी अंतर तेव्हा २० च्या पलीकडे जातं आणि तिथे ईएन १९ उतरलेलं असतं.

६० साठी ईएन १९ च योग्य, मात्र नुसतं नाव लिहून मागवू नका. आमच्या खरेदीच्या ऑर्डरवर तेव्हापासून ग्रेडखाली एक ओळ असते: जॉमिनी, १५ मिमीवर किमान ४५ एचआरसी, प्रत्येक हीटचं रीडिंग सर्टिफिकेटवर हवं. १४ ऐवजी १५ अशासाठी की मोजायचा बिंदू तिथेच आहे, आणि एक मिलिमीटरचं माप आपल्या बाजूला राहतं.