वेटेज लावून उमेदवार निवडताय? या चुका टाळा

अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपला व्हीएमसी सेटर हवा होता. मालकांनी तिघांची ट्रायल घेतली, गुण दिले आणि एक्सेलची शीट माझ्याकडे पाठवली. पाठोपाठ फोन आला, "सर, ब पहिला आलाय. ऑफर लेटर काढून टाकू ना?"

शीट अशी होती. गुण 10 पैकी, वेटेज टक्क्यांत:

| | ट्रायल जॉब | अनुभव | ड्रॉइंग वाचन | शिफ्टची तयारी | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| वेटेज | 40 | 30 | 20 | 10 | |
| अ | 8 | 5 | 8 | 6 | 6.9 |
| ब | 6 | 9 | 6 | 7 | 7.0 |
| क | 5 | 6 | 5 | 9 | 5.7 |

बेरीज बरोबर होती. मी एवढंच विचारलं, की शिफ्टला 10 टक्के कसे ठरवले? "बाकीच्यांना वाटून जे उरले, ते दिले." बहुतेक ठिकाणी वेटेज असंच ठरतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चूक होते ती पुढे. अंदाजाने टाकलेल्या आकड्यांतून 6.9 आणि 7.0 निघाले, की आपण त्यातला 0.1 चा फरक खरा धरून बसतो.

वेटेज हलवून न पाहणं

अनुभवाचे 5 टक्के काढून ट्रायलला दिले, म्हणजे 45 आणि 25 केले, तर अ 7.05 वर जातो आणि ब 6.85 वर येतो. क्रम उलटा. नेमका कुठे उलटतो, हे कागदावरही काढता येतं. ट्रायलमध्ये अ 2 गुणांनी पुढे आहे, अनुभवात ब 4 गुणांनी. म्हणून अनुभवाकडून ट्रायलकडे सरकवलेला प्रत्येक टक्का ब ची आघाडी 0.06 ने खातो. आघाडीच 0.1 ची, म्हणजे पावणेदोन टक्के सरकवायच्या आतच ती संपते. अनुभवाला 30 द्यायचे की 28, हे छातीठोकपणे सांगणारा मालक मला अजून भेटलेला नाही.

एक वेटेज वाढवून बाकीची तशीच ठेवणं

मालकांनी माझ्यासमोर ट्रायलचे 40 चे 45 केले आणि बाकीच्यांना हात लावला नाही. दोघांचेही 7.3 झाले. "बरोबरीच झाली की!" पण वेटेजची बेरीज आता 105 होती. 105 पैकी 45 म्हणजे साधारण 42.9 टक्के. त्यांना वाटलं 5 टक्के वाढवले, प्रत्यक्षात तीनही वाढले नव्हते. बाकीची वेटेज त्याच प्रमाणात कमी करून ट्रायल खरोखर 45 टक्के केली, तर अ चे 6.99 आणि ब चे 6.92 होतात. बरोबरी नाही, अ पुढे.

सूत्रातच बेरजेने भागलं, तर निदान एकूण गुण 10 च्या मापात राहतात:

```
=SUMPRODUCT($B$2:$E$2,B3:E3)/SUM($B$2:$E$2)
```

डॉलरची चिन्हं विसरू नका. ती नसतील आणि सूत्र खाली ओढलं, की वेटेजची ओळही खाली सरकते आणि ब चे गुण अ च्या गुणांनी गुणले जातात. आकडा दिसतो, एरर येत नाही, म्हणून ही चूक पटकन कळत नाही. ओळखायची सोपी युक्ती: शेवटच्या ओळीत अ चेच गुण टाकून बघा. एकूण अ च्या एकूणाइतकंच आलं पाहिजे. पहिल्या ओळीत मात्र चूक दिसणारच नाही.

गुण मात्र पक्के धरणं

सगळं लक्ष वेटेजवर जातं आणि गुण देणाऱ्याचा हात विसरला जातो. अ ला ट्रायलमध्ये 8 ऐवजी साडेसात मिळाले असते, तर त्याचे 0.2 गेले असते, म्हणजे दोघांतल्या फरकाच्या दुप्पट. इथे तर अ ची ट्रायल सकाळी सुपरवायझरने घेतली होती आणि ब ची संध्याकाळी मालकांनी स्वतः. सुपरवायझर सढळ हाताचा की मालक कडक, कुणास ठाऊक! अशा वेळी मी वेटेज आणखी ताणत बसत नाही. अ आणि ब ना बरोबरीचं धरायचं आणि मोजमाप पुन्हा घ्यायचं. दोघांना एकाच दिवशी, एकाच मशिनवर, एकच ड्रॉइंग द्यायचं. पहिला पीस मापात यायला लागलेला वेळ आणि बोअरचं माप लिहून ठेवायचं, आणि गुण दोघा परीक्षकांनी एकमेकांना न दाखवता द्यायचे. नवे गुण बघायच्या आधी वेटेज कागदावर लिहून सही करून टाकायची. नाहीतर आवडता माणूस वर येईपर्यंत आकडे हलवायचा मोह होतो.

मालक थोडे वैतागले. "मग या शीटचा उपयोग काय?"

उपयोग क च्या बाबतीत होता. ट्रायलचे सगळे 40 टक्के उचलून शिफ्टला दिले, तरी क चे 7.3 होतात आणि ब चे 7.4. इतकी टोकाची ओढाताण करूनही तो पहिला येत नाही. त्याला नकार त्याच दिवशी कळवता आला. बिचारा सिन्नरहून येऊन-जाऊन वाट बघत होता.