वस्तूनिहाय जीएसटी दाखवणारं दरपत्रक कसं बनवावं

शाळा, ऑफिसं किंवा किरकोळ दुकानदार घाऊक विक्रेत्याकडे दर मागतात, तेव्हा ‘कर वेगळा’ एवढंच लिहून भागत नाही. प्रत्येक वस्तूवर किती कर लागणार हे त्यांना आधी कळायला हवं. स्टेशनरीत तर ते फारच गरजेचं, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वहीवर कर शून्य, कंपासपेटीवर ५ टक्के आणि बॉलपेनवर १८ टक्के आहे.

एक्सेलच्या कोऱ्या शीटमध्ये पहिल्या ओळीत A ते E असे पाच रकाने करा: वस्तू, मूळ किंमत, कराचा दर, कराची रक्कम, अंतिम किंमत. दर लिहिण्याआधी C रकाना निवडून त्याला टक्केवारीचं फॉरमॅट द्या. नाहीतर नुसतं 18 टाकलं की शीट ते अठरा पट समजते आणि १०० रुपयांवर १८०० रुपये कर दाखवते. दर अंदाजाने टाकू नका, वस्तूचा एचएसएन कोड बघूनच टाका.

आता D2 आणि E2 मध्ये ही सूत्रं लिहा आणि खालच्या ओळींपर्यंत ओढा:

```
=ROUND(B2*C2,2)
=B2+D2
```

| वस्तू | मूळ किंमत | दर | कर | अंतिम |
|---|---|---|---|---|
| वही | ४०.०० | ०% | ०.०० | ४०.०० |
| कंपासपेटी | १२०.०० | ५% | ६.०० | १२६.०० |
| पेनांचा बॉक्स | ८५.०० | १८% | १५.३० | १००.३० |

शंभर रुपये तीस पैसे हा आकडा कोणालाच आवडत नाही. बॉक्स करासह बरोबर १०० रुपयांना द्यायचा असेल, तर उलट हिशेब करावा लागतो आणि बहुतेकांची चूक इथेच होते. शंभरातून १८ टक्के वजा केले की ८२ उरतात, पण ८२ वर १८ टक्के चढवले तर ९६.७६ च होतात. शंभराला १.१८ ने भागायचं. मूळ किंमत ८४.७५ येते.

त्यावर कर पुन्हा सूत्राने काढला तर १५.२६ येतो आणि बेरीज १००.०१ होते. हा एक पैसा पूर्णांकनाचा आहे. म्हणून पेनांच्या बॉक्सच्या चौथ्या ओळीत E4 मध्ये अंतिम किंमत हाताने लिहा, B4 मध्ये पहिलं सूत्र आणि D4 मध्ये दुसरं ठेवा:

```
=ROUND(E4/(1+C4),2)
=E4-B4
```

कर १५.२५ येतो, बेरीज बरोबर १००.

पाकिटावरची छापील किंमत मात्र B रकान्यात कधीच टाकू नका. एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात, त्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, त्यामुळे त्याच्या दरपत्रकात फक्त अंतिम किंमत असावी.