बावखलातलं पाणी मोजा, मगच वाफे आखा

गोराई-मनोरीच्या वाड्यांत दिवाळीनंतर भाजीची लावणी सुरू होते. बावखल तेव्हा काठोकाठ दिसतं आणि तिथेच अंदाज चुकतो. आपला भाग महापालिकेच्या हद्दीत, ग्रामपंचायत नाही. त्यामुळे पाण्याचा नियम बावखलावरच्या घरांनीच बसून ठरवायचा, वहीत लिहायचा आणि खाली सह्या करायच्या, तेही बी टाकण्याआधी.

समजा बावखल वरून 30 मीटर लांब, 20 मीटर रुंद आहे, पाणी अडीच मीटर खोल आहे आणि काठ उतरते आहेत. तळाचं एक मीटर पाणी हिशेबातच धरू नका. वरच्या दीड मीटरात पावणेआठ लाख लिटर भरतात. नव्वद दिवसांत रोज 4 मिलिमीटरप्रमाणे पावणेदोन लाख उन्हाने उडतात. उरले सहा लाख, म्हणजे रोजचे साधारण 6,600 लिटर.

यात झऱ्याची भर पडते. संध्याकाळी सहाला सगळी इंजिनं बंद करा, खुंटीवर पाण्याची खूण करा आणि सकाळी सहाला पुन्हा बघा. दोन सेंटिमीटर चढलं तर रात्रीत सुमारे 10,000 लिटर आले. त्यातले निम्मेच धरा, कारण फेब्रुवारीपर्यंत झरा मंदावतो. दर पंधरवड्याला ही मोजणी परत करा.

असे झाले रोजचे 11,600 लिटर. भाजीला गुंठ्याला दिवसाला 400 लिटर लागतात, म्हणजे हिशेबाने 29 गुंठे बसतात; पण थोडं हातचं राखा आणि 27 गुंठ्यांच्या वर जाऊ नका. 200 लिटरचं पिंप 40 सेकंदांत भरत असेल, तर इंजिन मिनिटाला 300 लिटर उपसतं. म्हणजे 27 गुंठ्यांना दिवसाला एकूण 36 मिनिटं. तीन घरं असली तर प्रत्येकी 9 गुंठे आणि 12 मिनिटांची पाळी. ऐकायला फारच कमी वाटतं, पण बावखलात आहे तेवढंच.

तळाचं मीटरभर पाणी सोडायला का सांगतो? आपल्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. ढोबळ गणित असं, की गोड्याची पातळी एक फूट उतरली की खारं चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. एका घराने रात्री चोरून इंजिन चालवलं, तरी मचूळ पाणी सगळ्यांच्याच वाफ्यांत येतं.

खारं जड, म्हणून ते आधी तळाशी येतं. वरचं पाणी चाखून काही कळणार नाही. काठीला बाटली बांधा, बुचाला दोरी लावा, तळाशी नेऊन बूच ओढा. ते पाणी दर रविवारी टीडीएस मीटरने तपासा. 450च्या आत असेल तर चिंता नाही. त्यापुढे आधी वाल आणि मुळ्याला झळ बसते, पानांच्या कडा करपतात. 2,000च्या वर ते पाणी भाजीला देऊच नका. आकडा दोन रविवार सलग चढला, तर सगळ्यांच्या पाळ्या निम्म्यावर आणा आणि पुढचा आकडा उतरेपर्यंत नवीन वाफा कुणालाही टाकू देऊ नका.