दंड जाड, खांदा बेताचा: बाहीत या चुका टाळा

कुर्तीची बाही दंडात घट्ट झाली की सगळ्यात आधी सुचतं ते एक साइज मोठा ब्लॉक, म्हणजे कापणीचा मूळ कागदी नमुना, घ्यायचं. पण दंड जाड असला म्हणून खांदा रुंद असतोच असं नाही. मोठ्या ब्लॉकमध्ये दंडाला जागा मिळते, आणि शोल्डर मात्र खांद्यावरून खाली उतरतो, गळा पसरतो. म्हणून ब्लॉक छाती आणि शोल्डरच्या मापानेच निवडावा. दुरुस्ती बाहीतच करायची.

दुसरी चूक मापाची. हात सरळ लोंबता ठेवून टेप लावली की माप कमी भरतं. कोपर वाकवून, काखेजवळ दंड जिथे सर्वांत जाड आहे तिथे मोजा. विणलेल्या सुती कापडाला या मापात किमान दीड इंच सैलपणा हवा, नाहीतर हात वर केला की बाही अडकते.

तिसरी चूक फार होते: बाहीच्या दोन्ही कडांना इंच-इंच वाढवून मोकळं होणं. दंडघेर वाढतो खरा, पण त्याबरोबर बाहीची वरची गोलाईही लांबते आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती कुर्तीच्या अंगाची गोलाई, तेवढाच राहतो. ती जादा लांबी शिलाईत चुण्या बनून काखेत जाऊन बसते. मग काही जणी मुंढाच खोल करतात. हे सगळ्यात वाईट, कारण मुंढा जितका खाली जाईल तितकी हात उचलताना अख्खी कुर्ती वर खेचली जाते.

त्याऐवजी काय करायचं ते एका मापावर पाहू. दंड साडेसोळा इंच आहे, सैलपणासह अठरा हवेत. ब्लॉकच्या बाहीचा दंडघेर शिलाई सोडून साडेसोळाच आहे, म्हणजे दीड इंच कमी. माथ्याची उंची, म्हणजे काखेच्या आडव्या रेषेपासून बाहीच्या टोकापर्यंतचं अंतर, साडेपाच इंच आहे.

कागदावर बाहीच्या मधोमध एक उभी रेष आणि काखेच्या पातळीवर एक आडवी रेष आखा. दोन्ही रेषांवर कापा, पण चारही टोकांशी शिलाईच्या रेषेजवळ कागद जरासा जोडलेला ठेवा. आता मधली फट आडवी दीड इंच उघडा. आडव्या कापाच्या कडा मध्यभागी एकमेकींवर चढतील; चढू द्या, कागद चिकटवा. गोलाईची लांबी आणि खालचा घेर बदलला नाही, फक्त दंड रुंद झाला. बाहीची लांबी मात्र माथ्याचं काम संपल्यावर मोजा. कमी झाली असेल ती खालच्या कडेला परत द्या.

इथेच बहुतेक जण थांबतात, आणि चूक इथेच दडलेली असते. दीड इंच रुंदी वाढताना माथा जवळपास सव्वा इंचाने खाली बसतो. माथा फार बुटका झाला की काखेकडून खांद्याच्या टोकाकडे तिरक्या घड्या पडतात. म्हणून माथ्यावर पाऊण इंच परत वाढवा आणि रेष गोलाईत मिसळा. आता गोलाई साधारण अर्धा-पाऊण इंच लांब झाली. नरम सुती कापड एवढी वाढ सैलसर धावदोऱ्याने आत घेतं. पण घट्ट विणीचं पॉपलीन किंवा सिल्क घेत नाही, टोकाशी फुगवटे दिसतात. तिथे कुर्तीच्या पुढच्या आणि मागच्या भागाला काखेच्या टोकाशी पाव-पाव इंच बाहेर वाढवा आणि कंबरेपर्यंत ती वाढ शून्यावर आणा. मुंढा सुमारे अर्ध्या इंचाने लांबतो. छाती एकूण एक इंच सैल होते, पण कंबरेचं माप जागेवर राहतं.

कापड कापण्याआधी जुन्या चादरीतून एकच बाही कच्च्या टाक्यांनी लावून बघा. दंडाभोवती आडव्या ताणलेल्या रेषा दिसल्या तर रुंदी अजून कमी आहे. माथ्याजवळ आडवी ढिली घडी पडली तर माथा जास्त उंच झाला, पाव इंच खाली घ्या. हात लोंबता असताना छान दिसणं पुरेसं नाही. कपाटाच्या वरच्या फळीकडे हात नेऊन बघा.

फरक दोन इंचांच्या वर असेल तर ही पद्धत ताणू नका, माथा सपाट पडतो आणि खांद्याचा आकार जातो. तेव्हा जमेल तेवढी वाढ याच पद्धतीने घ्या आणि उरलेली काखेत चौकोनी तुकडा जोडून द्या. तुकड्याचं एक टोक बाहीच्या शिलाईत आणि त्याच्या समोरचं टोक अंगाच्या शिलाईत येईल, असा तिरका बसवा.