पाण्याच्या लॅबचा शॉर्टफॉर्म: या चुका टाळा

विद्यापीठातल्या लॅबचं नाव ठरवताना विषयाचे शब्द आधी एका ओळीत मांडले जातात आणि शॉर्टफॉर्म मागाहून जो निघेल तो निघतो. खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्राच्या CWPRS या शॉर्टफॉर्ममध्ये एकही स्वर नाही, म्हणून ती अक्षरं सुटी सुटीच उच्चारावी लागतात. नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेचं जुनं नाव CPHERI होतं. १९७४ मध्ये ते NEERI झालं आणि सगळे सरळ ‘नीरी’ म्हणू लागले. स्वर मधे आले की नाव तोंडात बसतं.

पण बेळगाव भागात एवढ्यावर भागत नाही. इथे रोमन अक्षरं मराठी माणूसही वाचतो आणि कन्नड माणूसही, आणि रोमनमध्ये ह्रस्व-दीर्घ किंवा न-ण असा भेद नसतो. ‘घटप्रभा हायड्रॉलॉजी ॲक्विफर नेटवर्क’ म्हणजे GHAN. कन्नड सहकारी ते ‘घन’ वाचेल, म्हणजे थोर, वजनदार. निपाणीचा शेतकरी मात्र ‘घाण’ वाचेल, तेही पाण्याच्या अहवालावर!

आता मलप्रभेचं घ्या. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणाऱ्या या नदीच्या खोऱ्यावर काम करायचं, म्हणून ‘मलप्रभा ॲक्विफर लॅब’ हे नाव सहज सुचतं. त्याचं होतं MAL. ‘मल’ म्हणजे काय, हे दोन्ही भाषांत कुणाला सांगावं लागत नाही. नमुन्याच्या बाटलीवर असा शिक्का चालणार नाही. रिव्हरचा R घातला की MARL. भूगर्भवाल्यांना हे आवडेल, कारण मार्ल हा चुना आणि चिकणमाती मिसळलेला गाळाचा खडक. पण मराठी डोळा ‘मारलं’ वाचतो. इरिगेशनचा I वाढवला तर MARIL, म्हणजे थेट ‘मारील’. अक्षरं वाढवून सुटका होत नाही. क्रम बदलायचा आणि ‘लॅब’ शब्द शॉर्टफॉर्मच्या बाहेर ठेवायचा: ‘मलप्रभा इंटिग्रेटेड रिव्हर अँड ॲक्विफर’ लॅब, म्हणजे MIRA लॅब. इथे ‘अँड’चा A धरलेला नाही. तो धरायचा की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर एका पत्रावर MIRA आणि दुसऱ्यावर MIRAA येईल.

ठरवण्याआधी ही अक्षरं नुसती कागदावर लिहून एका मराठी आणि एका कन्नड माणसाला द्या. पूर्ण नाव सांगू नका. मोठ्याने वाचायला लावा, मग आपापल्या लिपीत लिहायला सांगा. दोघं अडखळले किंवा एकजण हसला तर नाव बाद. लिपीत उतरवून घेणं महत्त्वाचं, कारण बाहेरच्या फलकावर ते कन्नडमध्ये लागणारच आहे. तिथलं स्पेलिंग रंगाऱ्यावर सोडू नये.

शेवटी नाव आधीच कुणाचं आहे का, ते शोधा. जिनिव्हा विद्यापीठात MIRALab नावाची लॅब आहे, तिचा विषय आभासी माणसांचा. म्हणून शोधनिबंधात आणि वेबपत्त्यावर नुसतं MIRA न लिहिता पहिल्यापासून ‘MIRA Belagavi’ असंच लिहावं.